‘माल संपला’वाल्यांची पंगत

सक्करदऱ्याच्या मार्तंड बेकरीत संध्याकाळी माल उरलाय, असं कोणी शपथेवर सांगून दाखवावं! पहाटे भट्टी पेटायची, दुपारी टोस्ट दुसऱ्यांदा भाजून निघायचे आणि दिवेलागणीच्या आत दाराला पाटी लटकायची, ‘माल संपला’. शिळं विकायचं नाही, म्हणून जास्त करायचंच नाही, हा मार्तंडरावांचा धर्म. गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं की यांना कोण आनंद! उद्या लवकर येतं म्हणे. आणि खरंच यायचं, काय सांगता!

माणूस तसा तिरसट. कोणी तक्रार केली, की टोस्ट चहात विरघळला, तर त्यालाच झापायचे, “किती वेळ बुडवून ठेवला गा? आंघोळीले बसवला होता काय त्याले?” तरी लोक यायचे. मार्तंडचा टोस्ट म्हणजे ताजाच, यावर कोणाचं दुमत नव्हतं.

त्यांची बायको सुभद्राबाई अगदी उलट. तिच्या हाताखाली कधी काही संपलंच नाही. दोन पाहुणे म्हटले की ही सहा जणांचं रांधणार. गल्लीतल्या लग्नात आचाऱ्यावर लक्ष ठेवायला तिलाच बोलवायचे. सत्त्याहत्तरच्या लग्नसराईत तिनं नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, “अहो, दुसऱ्याच्या आचाऱ्याले शिकवून शिकवून थकली मी. लग्नाच्या जेवणाचे ठेके आपणच काहून घेऊ नये?”

मार्तंडरावांना कल्पना पटली. सुभद्राबाईनं घरामागे वेगळी चूल मांडली, वेगळी पातेली आणली. बेकरीच्या केकमध्ये अंडं पडतं, तिथलं भांडं लग्नाच्या स्वयंपाकाला कोण लावू देईल? इथवर सगळं शहाणपणाचं झालं. घोडं अडलं ते नावापाशी.

“नाव काय शोधायचं त्यात?” मार्तंडराव म्हणाले. “मार्तंड बेकरी अँड केटरिंग. वीस वर्षांचं तयार नाव आहे.”

“ते टोस्टचं नाव आहे,” सुभद्राबाई म्हणाली. “पंगतीले चालते का, पाहा बापा.”

बापा-बिपा काही नाही. ताराचंद पेंटरनं लांबलचक कापडी फलक रंगवून दिला. पहिलंच काम मिळालं हुडकेश्वरच्या आनंदरावांकडलं. मोठे शेतकरी, बेकरीचे जुने गिऱ्हाईक, थोरल्या लेकीचं लग्न. बुंदी, पुरी, आलू-वांग्याची भाजी, वरणभात, मठ्ठा. सुभद्राबाईनं सवयीप्रमाणे सांगितल्यापेक्षा जास्तच रांधलं. मागच्या बाजूला पातेली भरून झाकलेली होती.

फलक मांडवात नेऊन बांधायचं काम भट्टीवाल्या धोंडबाकडे. बिचारा बेकरी सुरू झाल्यापासून तिथेच. बेकरीचं नाव लावायचं म्हणजे सोबत पाटीही लागणार, असं त्यानं आपल्या मनानं ठरवलं आणि तीही पिशवीत घालून आणली. पहिली पंगत उठली. मांडवाच्या तोंडाशी ठेवलेली बुंदीची परात रिकामी झाली. धोंडबानं तिच्याकडे पाहिलं, फडक्यानं हात पुसले आणि मांडवाच्या दाराला झोकात पाटी लटकवली.

‘माल संपला’.

अरे देवा! वरपक्षाचे पाहुणे दुसऱ्या पंगतीसाठी हात धुऊन तिथेच उभे! व्याही असे तडकले की विचारू नका. “आमाले उपाशी ठेवून राहिले काय?” नवरदेवाचा मामा तर चपला शोधायला लागला. आनंदराव पगडी सावरत धावले. सुभद्राबाईनं स्वतः बुंदीची भरली परात डोक्यावर घेऊन पाहुण्यांपुढे आणली, तेव्हा कुठे लोक पाटावर बसले. तीन पंगती पोटभर जेवल्या, वर उरलंसुद्धा. पण लक्षात कोणाच्या राहिलं? पाटीच राहिली.

“धोंडबा, हे काय केलं गा?” मार्तंडराव ओरडले.

“परात खाली झाली, मालक,” धोंडबा रडवेला होऊन म्हणाला. “खाली झाल्यावर आपण लावतोच न पाटी.”

कपाळ! त्याला हे शिकवलं होतं तरी कोणी?

मार्तंडरावांना वाटलं, चार दिवसांत लोक विसरतील. कसले विसरतात! आता बेकरीत गिऱ्हाईक दात काढून विचारायचं, “भाऊ, टोस्ट पुरतीन न आमाले?” हे एक वेळ चाललं असतं. पण एका सकाळी जुन्या गिऱ्हाईक सिंधूताईंनी खारी हातात घेऊन उलटसुलट केली. “नाही, म्हटलं, लग्नात उरलेलं काही यात नाही न टाकत तुमी?” त्यांनी हळूच विचारलं.

मार्तंडरावांचा चेहरा पडला. त्यांच्या खारीवर संशय! पंगतीत उरू द्यावं लागतं आणि बेकरीत उरूच द्यायचं नसतं. दोन्ही एकाच नावाखाली आलं की बेकरीचा ताजेपणा पंगतीला भीती घालणार आणि पंगतीची सुबत्ता बेकरीला शिळं ठरवणार. हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

मग माणूस दुसऱ्या टोकाला गेला. फलक उतरवला, नवीन रंगवला, ‘राजमहल केटरर्स’. बेकरीचा उल्लेखच नाही. उन्हाळा गेला, दिवाळीनंतरची लग्नं सुरू झाली, पण एक माणूस फिरकेल तर शपथ. राजमहलवाले कोण, कुठले, हात स्वच्छ की नाही, कोणाला ठाऊक? सुभद्राबाईची पातेली घरामागे पालथी पडून राहिली. तरी ती रोज ती घासायची. वापरलेली नसताना घासायची.

ते पाहून शेवटी मार्तंडरावच म्हणाले, “तूच सांग वं, काय नाव द्यायचं?”

“लेकीचं लग्न झालं का तिचं घर वेगळं, चूल वेगळी,” सुभद्राबाई म्हणाली. “पण कोणाची लेक, हे सांगाच लागते. नाहीतर दारात कोण उभं करीन तिले? टोस्ट तुमचा, नाव तुमचं. पंगत माझी, नाव माझं. खाली बारीक लिहा, कोणाकडली आहे ते.”

ताराचंद पुन्हा बोलावला गेला. वर मोठ्या अक्षरांत ‘सुभद्राबाईची पंगत’ आणि खाली बारीक ‘मार्तंड बेकरीवाल्यांकडली’. मार्तंडराव मान वाकडी करून बघत राहिले. “माझं नाव जरा मोठं कर न गा.” ताराचंदनं कुंचला उचलला. “हात लावशील तर पाहा!” सुभद्राबाई कडाडली. नाव बारीकच राहिलं.

पुढच्या लग्नसराईत आनंदराव स्वतः बेकरीत आले. मार्तंडराव मान खाली घालून टोस्ट बांधत होते.

“धाकटीचं लग्न काढलं,” आनंदराव म्हणाले. “जेवणात खोट नव्हतीच भाऊ तवा. वहिनीचं नाव वाचलं फलकावर, म्हणून आलो. सकाळच्या चहाले टोस्ट तुमचे, जेवण वहिनीचं. आन ते पाटी घरीच ठेवा बापा!”

दोन्ही झालं. सकाळी टोस्ट वेळेआधीच संपले आणि मार्तंडरावांनी मिशीला पीळ दिला. दुपारी पंगती बसल्या. पहिली, दुसरी, तिसरी. सुभद्राबाई कमरेला पदर खोचून, “घ्या न, अजून घ्या,” म्हणत फिरत होती. थोरलीचे तेच व्याही मागच्या वेळचा राग आठवून जेवायला बसले होते. तेच ताटावर आडवे हात धरून म्हणाले, “पुरे वं बाई!” शेवटी आनंदराव हात जोडून पुढे आले. “वहिनी, आता संपू द्या न थोडंसं!”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मार्तंडरावांचे डोळे भरून आले. आयुष्यभर ते ‘संपला’ हाच शब्द दाराला टांगत आले होते. धोंडबा जवळ येऊन कुजबुजला, “मालक, पाटी नाही आणली मी.”

“बरं केलं,” मार्तंडराव म्हणाले आणि बायकोच्या पंगतीत ताट घेऊन बसले.