बळीरामचे चिंचोके

बळीरामदादा गेला तवा पोरींच्या क्रिकेटचा तिसरा आठवडा संपला व्हता. शिरढोणच्या बाजूला शाला, तिथं तो मैदान सांभाळायचा, पोरींना बॉलिंगपण शिकवायचा. त्याची बायको शकू तिथंच झाडलोट करते.

नवरात्रीनंतर सामने. त्याच्या आधी आठ आठवडे सराव. दादानं वहीत लिवलेलं, एका पोरीनं एका दिवशी किती बॉल टाकायचे. पयल्या आठवड्यात अठरा, मग चोवीस, मग तीस. चौथ्याला खाली, वीसच. अंगाला सावरायला येल द्यायचा. मग परत तीस, तेहतीस, छत्तीस, आणि शेवटी सामन्याआधी अठरा.

चौथा आठवडा तो कदी सोडत नसे. सोताच्या पोराला, निकेशला, त्यानं एकदा त्या आठवड्यात दामटवला व्हता. पोराच्या पाठीचं हाड चिरलं, बॉल सुटला तो सुटलाच.

मोजायला डबा. त्या दिवशीचे जेवढे बॉल तेवढे चिंचोके आत भरायचे, बॉल टाकला का एक काढायचा. डबा रिकामा, का बॉलिंग बंद.

दादाच्या जागी आलेले नवीन विश्वजीत सर बोलले, "शकूमावशी, सामने आलेत तोंडावर. आराम कसला? छत्तीस भरा."

"सर, वहीत वीस हाय."

"वही लिवणारा ऱ्हायलाय का आता?"

शकूनं डबा घेतला. छत्तीस मोजले, झाकण दाबून लावलं.

मनस्वी सगल्यात फास्ट टाकणारी. सोमवारी तिचे वीस बॉल झाले आणि ती बोलली, "काकी, डबा संपला."

"अगो, नीट बघ!"

खरंच रिकामा. सर हसले, "मावशी, शालेत परत बसा, मोजणी शिका."

मंगलवारी सराव नव्हता. बुधवारी सरांनी सोता छत्तीस मोजले. डबा हातातून सोडला नाय. मनस्वीचा इसावा बॉल पडला, सरांनी डबा हलवला. आवाज नाय. मैदानावर वाराच नव्हता, पन कोपऱ्यातला रोलर करकरला, दादा ढकलायचा तसा.

"टाक गो, डब्याबिगर टाक!" सर ओरडले, पन आवाज बारीक झालेला.

मनस्वी रनअपवर उभी ऱ्हायली. "सर, सोमवारपासून कंबर धरलीय. बोलले नाय, टीममधून काढाल म्हणून."

सरांनी तिच्या हातातला बॉल घेतला. शकूला निकेश दिसला, असाच कंबरेवर हात ठेवून.

घरी खुंटीवर दादाचं शर्ट, तो गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. खिसा चिंचोक्यांनी फुगलेला. शकूनं काढून मोजले. दोन दिवसांचे सोला आणि सोला, बत्तीस.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही मागितली. वीसवर बोट ठेवलं. आठवडाभरात मनस्वीची कंबर सुटली. मग वहीपरमाणं चढत गेली, सातव्यात छत्तीस, दुखलं नाय.

आठव्या सोमवारी शकूनं डब्यात काय टाकलंच नाय. रिकामा नेऊन ठेवला नेटजवल.

मनस्वी एकेक काढत व्हती. शकूनं तोंड रोलरकडं फिरवलं.

"काकी, संपले. अठरा झाले."

"झाले ना? मग बस आता, पानी पी," शकू बोलली. मनस्वीला बोलली, का रोलरकडं बघून, ते तिलाच ठावं.