धडधाकट आईचा खोकला

आमची ताई लॅबमध्ये रक्त तपासते आणि तोंडाने फटकळ आहे. एका हॉस्पिटलची नोकरी तिने लेखी स्वीकारली होती; रुजू व्हायला बारा दिवस होते. तेवढ्यात दुसरीकडचं नेमणूकपत्र हातात पडलं. पगार जास्त आणि रात्रपाळी नाही.

बाबा म्हणाले, "पहिल्यांना सांग, आई आजारी आहे."

"सांग की, मी खोकते," मटार सोलत आई म्हणाली.

"धडधाकट आईला मी अंथरुणाला खिळवणार नाही!" ताई कडाडली आणि तिने हॉस्पिटलला फोन लावला.

"मॅडम, मी दिलेला होकार मागे घेतेय. दुसरीकडे चांगली संधी मिळालीय. तुमची अडचण होतेय, त्याबद्दल माफ करा. आत्ताच मेलही पाठवते."

"शब्द देऊन फिरवता?" पलीकडच्या बाई भडकल्या.

तेवढ्यात आई जोरजोरात खोकायला लागली.

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "घरी कुणी आजारी आहे का? मग तसं सांगायचं ना! तेच कारण लिहिते."

"लिहू नका," ताई म्हणाली. "आई नाटक करतेय. मी रोज लोकांचे रिपोर्ट लिहिते, मॅडम. जे नाही ते कुणाच्याही नावावर लिहीत नाही."