वाळूघाटाचा परिच्छेद

देऊळगाव राजाजवळच्या आमच्या शाळेत सराव परीक्षेतलं चांगलं उत्तर वर्गापुढे वाचायची पद्धत होती. संसाधनांच्या शाश्वत वापरावरचं माझं दीर्घोत्तर सरांनी निवडलं. संयुक्त वनव्यवस्थापन, भूजल कायदा हे मुद्दे मी सहज वाचले. खनिजांपाशी थांबले. वाळू उपसली की काठच्या विहिरी आटतात, म्हणून नागरिकांनी ग्रामसभेत वाळूघाटाच्या लिलावाला विरोध करावा, असं पुढे लिहिलं होतं. आमच्या गावच्या घाटाचा ठेका माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या वडिलांकडे होता. नव्या लिलावाची ग्रामसभा उद्यावर आली होती.

“थांबली काऊन बे? वाच नं,” ती बाकावरून म्हणाली. “आमची विहीरबी काठावरच हाय.”

मी शेवटपर्यंत वाचलं. सुट्टीत ती डबा खायला आली नाही. शाळा सुटताना तिने उत्तरपत्रिका मागितली.

“बाबाले दाखवतो.”

मी दिली.