एका वर्षात तरुण झालेलं हृदय

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. यंत्रावर तर मुळीच नाही. घरचे म्हणतात, हिची कुणी स्तुती केली तर ही आधी विचारेल, काय काम आहे? असू दे. एकोणीस वर्षं मी हॉस्पिटलात इको काढते. माणसाच्या छातीवर जेल लावायचं, प्रोब फिरवायचा आणि आतलं धडधडणारं हृदय पडद्यावर बघून मोजायचं, हे माझं काम. तब्येतीबद्दल माणसं सर्रास खोटं बोलतात, हे मी या खोलीत शिकले.

मंगळवारी आमच्याकडे लहानपणी कॅन्सर होऊन बरी झालेली माणसं येतात. सगळी धडधाकट आणि वैतागलेली. 'बरे झालो ना, मग आता कशाला?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मग मी सांगते, लहानपणी सलाइनमधून लाल औषध दिलं होतं ना, त्याने कॅन्सर मारला, पण हृदयाच्या स्नायूलाही चटका दिला. तो चटका दहा-वीस वर्षं गप्प बसू शकतो. काही वाटायला लागण्याआधी इकोत दिसतो, म्हणून यायचं, आणि जन्मभर यायचं. निम्मी माणसं मान हलवतात आणि घड्याळ बघतात.

क्रेनवाला त्यातलाच, पण गोड बोलणारा. अकराव्या वर्षी त्याला गाठींचा कॅन्सर झाला होता, आता तो चौतीसचा. उंच इमारतींच्या बांधकामावर टॉवर क्रेन चालवायचा. शिडीने वर चढायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि संध्याकाळीच उतरायचं. "ताई, वरून साहेबसुद्धा मुंगीएवढा दिसतो," असं म्हणून स्वतःच हसायचा. खाली जमिनीवर त्याला करमायचं नाही. शाळा औषधपाण्यात बुडाली, दोन नोकऱ्या 'आजारी माणूस' म्हणून गेल्या, आणि हीच एक जागा अशी मिळाली की जिथे त्याच्याकडे कुणी कीव करून बघत नव्हतं. हे त्यानेच मला एकदा सांगितलं होतं, गमतीच्या सुरात. त्या गमतीवरही मी विश्वास ठेवला नव्हता.

त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल औषधाचा एकूण डोस लिहिला होता. तो जास्त धोक्याच्या गटात बसत होता, म्हणून दर दोन वर्षांनी इको. एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं, तो आकडा आधी एकसष्ट होता, मग अठ्ठावन्न, मग चौपन्न. शेवटच्या वेळी स्नायूच्या आखडण्याचं मापही वीसवरून सोळावर आलं होतं. हे माप बहुतेक वेळा टक्केवारीच्या आधी घसरतं. डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळायला सांगितलं आणि दोनऐवजी एकाच वर्षाने बोलावलं.

तो वर्षाने आला. तोंडाला मास्क, "सर्दी झालीय, ताई." फाईलचा नंबर बरोबर, जन्मतारीख तोंडपाठ. कंपनीला हृदय ठीक असल्याचा रिपोर्ट हवाय, म्हणाला. कुशीवर झोपवलं, प्रोब ठेवला, मोजलं. पासष्ट टक्के. स्नायूचं माप बावीस.

मनात पाल चुकचुकली. आधी यंत्रावर संशय घेतला. यंत्र तेच होतं. मग स्वतःच्या हातावर घेतला. तीनदा मोजलं, आकडे हलेनात. गेल्या वर्षीची चित्रं शेजारी उघडली. त्यात हृदयाच्या भिंती पातळ होत्या, इथे चांगल्या जाड. औषधाने थोडी सुधारणा होते, पण याला अजून औषधच सुरू नव्हतं. हृदय वर्षभरात असं तरुण होत नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "औषधं द्यायला कातडीखाली पोर्ट बसवला होता ना तुम्हाला? कुठे होता हो?"

"हाताला," तो म्हणाला.

फाईलमध्ये लिहिलं होतं, छातीवर, उजव्या खांद्याखाली. मी टॉवेल बाजूला केला. तिथली कातडी कोरी होती. वण तर सोडाच, ओरखडाही नव्हता. मास्कवरचे डोळे मात्र हुबेहूब त्याचेच.

"दादा कुठे आहे तुझा?" मी विचारलं.

तो आधी ततपप करायला लागला, मग मास्क काढला. नाक, कपाळ, भुवया तशाच, फक्त वयाने जरा लहान. धाकटा भाऊ. उठून बसला आणि छातीवरचं जेल पुसायचं विसरून बोलत सुटला. "तो गेटबाहेर बसलाय. ताई, रिपोर्ट खराब आला तर क्रेन जाईल त्याची. म्हणाला, एकदाच जा, पुढच्या वर्षी मी जाईन." मग आवाज खाली आला. "शिडी चढायला त्याला आता पाऊण तास लागतो. कुणी बघू नये म्हणून सगळ्यांच्या आधी साइटवर जातो. मी खालून बघतो, दर टप्प्यावर थांबतो तो. मी का आलो, मलाच कळत नाही."

मला संताप आला. खोटेपणाचा नव्हे, त्याची मला सवय आहे. संताप याचा, की माझा संशय झोपला असता तर हा सुंदर रिपोर्ट फाईलला लागला असता, आणि मीच माझ्या सहीने त्या माणसाचं औषध अडवलं असतं. "जा, घेऊन ये त्याला," मी म्हटलं, "आणि पळून गेलात तर तुमच्या घरी येईन मी."

क्रेनवाला आला. चेहरा पडलेला. भांडायच्या तयारीतच होता. "तुम्ही लोक शोधत बसता म्हणून सापडतं," म्हणाला. मी त्याचा घोटा दाबला, बोटाचा खळगा तसाच राहिला. पायात पाणी साचलं होतं.

एक्केचाळीस टक्के. मी हेही तीनदा मोजलं. या वेळी यंत्र चुकलेलं असावं, असं मनापासून वाटत होतं.

डॉक्टर आले, चित्रं पाहिली, रक्ताची तपासणी लिहिली आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. तो म्हणाला, "लहानपणी सगळ्यांनी दार लावून बोलून घेतलं. मला सांगितलं, साधा ताप आहे. डॉक्टर, आता काय ते तोंडावर सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. हृदय अशक्त झालंय. गोळ्या आजच सुरू करायच्या, हळूहळू डोस वाढवायचा. लवकर सापडलं तर बऱ्याचदा ताकद थोडी परत येते, सगळी येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा इको. "आणि तुम्हाला वर चक्कर आली, तर खाली माणसं असतात," एवढंच ते क्रेनबद्दल बोलले.

धाकट्याने दादाच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही. मग खिशातून फोन काढला आणि साइटवरच्या साहेबाला लावला. मला वाटलं, आता हा काहीतरी थाप मारणार. सर्दी, पाठदुखी, गावाला जायचंय. मी कान टवकारले.

"साहेब, उद्या क्रेनवर दुसरा माणूस बसवा," तो म्हणाला. "नाही, ताप नाही. हृदय बिघडलंय माझं. मला माहीत होतं, तरी चढत होतो."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने फोन कानापासून दूर धरला आणि डॉक्टरांना विचारलं, "किती दिवस, म्हणतायत."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. क्रेनवाला फोनमध्ये म्हणाला, "कायमचा बसवा." आणि त्या शब्दावर मी एकदाही संशय घेतला नाही.