दिवाणाच्या जागी फायरप्लेस

आमच्याकडे घाम पुसायला रुमाल पुरत नाही आणि त्या माणसाला हॉलमध्ये आग हवी होती.

डोंबिवलीतल्या एका छोट्या स्टुडिओत मी घरांची थ्रीडी चित्रं बनवते. लोकांच्या हौशींचं मला आता काही वाटत नाही, पण हे ठाण्याचे साहेब वेगळेच निघाले. कंपनीच्या खर्चाने कुठल्याशा थंड देशात राहून आले आणि तिथल्या हॉटेलातली फायरप्लेस डोक्यात घेऊन उतरले. पंखा पाचवर गरगरत होता, साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते मला ज्वाळांचा रंग समजावत होते.

आग विजेची, म्हणजे खोटी. धुराचा प्रश्नच नव्हता. मी भिंतीवर सहा इंच जाडीची चौकट काढून दिली.

"मॅडम, हे कॅलेंडर चिकटवल्यासारखं दिसतंय. रिअल वाटलं पाहिजे."

रिअल म्हटलं की प्रमाण आलं. मी चिमणीचा भाग सव्वा फूट पुढे काढला, जमिनीपासून थेट छतापर्यंत. मधे आगीचा कोनाडा, त्याच्यावर छातीच्या उंचीला मँटलची जाड फळी, पुढे जमिनीवर दगडी पट्टा. नेमका त्याच भिंतीला बाबांचा दिवाण होता. बाबा म्हणजे साहेबांचे वडील. आंबिवलीचं घर विकून त्यांनी याच फ्लॅटमध्ये पैसे घातले, आणि त्यांच्या वाट्याला तेवढा दिवाण आला.

"दिवाण कुठे जाणार?" मी विचारलं.

"बाल्कनी बंद केलीय ना आपण," सूनबाई म्हणाल्या. "वॉशिंग मशीनच्या बाजूला मस्त बसेल."

मस्त! मला तिथेच त्या बाईचा वीट आला.

तरी काम चोख केलं. छतातले दिवे मालवले, आगीचा उजेड मंद नारिंगी ठेवला. तो दगडावर, गालिच्यावर पसरला आणि सोफ्याच्या पायांपाशी विरला. मँटलच्या वरची भिंत अंधुकच राहिली. तिथला फॅमिली फोटो उजळायचा साहेबांचा हट्ट होता. कोनाड्यातल्या आगीचा उजेड थेट तिथे पोचत नाही, हे सांगून माझं तोंड दुखलं.

शेवटचं चित्र दाखवायला मी ठाण्याला गेले. लॅपटॉपवर तो हॉल खरंच सुंदर दिसत होता, आणि त्याचाही मला राग आला. बाबा दिवाणावरून उठून आले, चष्मा पुसून कितीतरी वेळ बघत राहिले.

"छान आहे गं. उबदार वाटतंय," ते मला म्हणाले. "यात मी कुठे बसतो?"

साहेब मोबाइलमध्ये शिरले. सूनबाई हसल्या. "अहो बाबा, हे नुसतं चित्र आहे!"

"हो ना," बाबा म्हणाले. "मग चित्रात तरी ठेवायचं होतंत मला."