अठराची अंगठी

ताईच्या लग्नातली माणकाची अंगठी बाबांनी स्वतः घडवली होती. अलिबागला आमचं सोन्याचांदीचं छोटं दुकान. बाबा कारागीर, आणि त्यांच्यानंतर मी. बाबांच्या मनात ती अंगठी अठरा कॅरेटची करायची होती. आई ऐकेना. "पहिल्या लेकीच्या लग्नात कमअस्सल सोनं घालू? लोक काय म्हणतील?" बाबांनी दोनदा समजावलं आणि बावीसची करून दिली.

ताई नागावला दिली होती. नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीतच पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. सकाळची घावणं, दुपारचं जेवण, चादरी, भांडी, सगळं तिच्या हातावर. त्या हातात ती अंगठी बारा महिने असायची. बावीसचं सोनं मऊ. नुसती बांगडी किंवा पाटली असेल तर चेपते, पुन्हा ठोकून गोल करता येते. पण खडा ज्या चार बारीक काट्यांनी धरलेला असतो, ते काटे मऊ असले की केसात अडकून, टॉवेलात ओढले जाऊन वाकतात, घासून झिजतात. आणि एक काटा उघडला की खडा राहत नाही. ताईचं माणिक एकदा भाताच्या पेजेत सापडलं, एकदा अंगणात झाडून काढताना. दोन्ही वेळा ती हसत दुकानात आली होती. मी काटे चेपून दिले. तिसऱ्यांदा आली तेव्हा एक काटा पूर्ण तुटला होता आणि ती हसत नव्हती.

तिच्या पोटातली गाठ तेव्हा कळली होती. मुंबईच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. बोटं इतकी बारीक झालेली की अंगठीला आतून दोरा गुंडाळला होता.

मी म्हटलं, "ठेवून जा. काट्यांवर नवं सोनं चढवते, बोटाच्या मापाची करते."

ती स्टुलावर बसली. पाणी मागितलं, पण प्यायली नाही. मग म्हणाली, "माझ्या मापाची नको करूस. पोरीच्या मापाची कर."

तिची मुलगी तेव्हा कॉलेज संपवून घरी आलेली. ताई दवाखान्यात असली की खोल्यांचं सगळं तीच बघायची. मी म्हटलं, तिच्यासाठी दुसरी करू, ही तुझी राहू दे. ताईने मान हलवली.

"हीच. आणि तिने ती कपाटात ठेवायला नको. कपाटात ठेवायची असेल तर बावीसातच राहू दे. पण रोज बोटात घालायची असेल तर बाबांच्या मनात होती तशी कर. तिलाही कणीक मळायचीय, भांडी घासायचीयत."

"ताई, ती वितळवावी लागेल. बाबांच्या हातची आहे."

"माहितीये मला."

उठताना ती म्हणाली, "आईला आत्ता सांगू नकोस. तिला मी सांगेन."

मी माणिक काढून कागदाच्या पुडीत ठेवलं. अंगठी भिंगाखाली धरली तेव्हा आतल्या बाजूला बाबांच्या कानशीच्या रेघा दिसल्या. पॉलिश पोचत नाही तिथे राहिलेल्या. त्या दिवशी भट्टी पेटवली नाही. मग दुसऱ्या दिवशी ते सोनं वेगळं शुद्ध करून घेतलं, दुसऱ्या कुणाचा कण त्यात मिसळू दिला नाही. त्यात मापाने तांबं आणि चांदी घातली, मुशीत वितळवलं. शंभर भागांत पंच्याहत्तर भाग सोनं, बाकी या दोन धातूंचा कणखरपणा. तार ओढतानाच हाताला फरक कळतो. बावीसची तार हाताचं ऐकते, अठराची थोडी हट्टी असते. तो हट्टच खडा धरून ठेवतो.

अंगठी घडली आणि हॉलमार्कला गेली. खडा त्यानंतर बसवायचा असतो. माणकाची पुडी माझ्या पर्समध्ये होती. ताईला फोन केला तर म्हणाली, "घाई नको. नीट बसव." आवाज अगदी खोल गेला होता. अंगठी शिक्का होऊन परत यायच्या आत ताई गेली.

दिवसकार्य झाल्यावर नागावच्या घरात आईने मला आत बोलावलं. समोर ताईचे डाग पसरले होते. मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या.

"माणकाची अंगठी कुठेय? तुझ्याकडे दिली होती ना दुरुस्तीला?"

मला वाटलं होतं ताईने सांगितलं असेल. तिला जमलं नसेल, किंवा वेळच मिळाला नसेल. मी खडा बसवून आणलेली अंगठी पर्समधून काढून आईच्या हातावर ठेवली.

आईने ती उजेडात धरली. आयुष्य सोनाराच्या घरात गेलेलं. रंगावरूनच तिला कळलं.

"ही ती नव्हे. ही फिकी आहे."

"सोनं तेच आहे, आई. तिचंच. अठरात केलंय."

"आणि त्यांनी केलेली?"

मी समोरच्या पाटल्यांकडे बघितलं. आईला उत्तर कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "त्यांच्या हातची तेवढीच उरली होती गं. माझ्या पाटल्या मोडून दुकान घातलं, त्यांनी घडवलेलंही सगळं विकलं, काही ठेवलं नाही. ती एकच होती. आणि लेकीच्या अंगावर रोज असायची तीही तीच."

तिला मी सगळं सांगितलं. मऊ सोनं, तुटलेला काटा, पेजेतलं माणिक. सोनं कणभर कमी झालेलं नाही, उलट सोबतीला तांबं-चांदी आल्याने वजन वाढलंय. सगळं खरं होतं आणि एकही शब्द तिच्या उपयोगाचा नव्हता. ती अंगठीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवत होती. तिथे आता ७५०चा शिक्का होता.

दारात ताईची मुलगी उभी होती. ती म्हणाली, "आजी, आईने मला सांगितलेलं. म्हणाली, माझ्यासारखी सारखी खडा शोधत बसू नकोस."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, "तुझ्या ताईने बघितली का ही एकदा तरी?"

"नाही."

तेव्हा आई रडली. ताई गेली त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने नातीला जवळ बोलावलं, तिचा हात ओढला आणि स्वतः अंगठी घातली. माप बरोबर होतं.

याला आता तीनेक वर्षं झाली. पोरगी खोल्या चालवते. हात दिवसभर पाण्यात, पिठात. दर दिवाळीआधी ती अंगठी माझ्याकडे आणते. मी भिंगाखाली काटे तपासते, खड्याखालचा मळ काढते. काटे जागच्या जागी असतात. दुकानात येणाऱ्या बायका अजून विचारतात, "अठराचा म्हंजे काय सोना हाय?" मी त्यांना समजावते. मोडीला पैसे कमी येतील हेही सांगते, कारण ते खरं आहे. काही ऐकतात, काही बावीसच घेतात. मी आग्रह धरत नाही.

आई त्या अंगठीला कधीही ताईची अंगठी म्हणत नाही. "पोरीची अंगठी" म्हणते. सुरुवातीला मला ते लागायचं. आता वाटतं, तिचंच बरोबर आहे. ताईची अंगठी कुठेच नाही.