मधल्या नावाचा घोळ

आमच्या ह्यांनी दोनच रहस्यकथा लिहून तिसरीचा विचार चालवला होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही मुलुंडला राहत होतो. हे अंधेरीच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे आणि रविवारी खून करायचे. पहिल्या कादंबरीतला खुनी वाचकांनी तिसऱ्या प्रकरणातच ओळखला होता. त्यामुळे प्रकाशकांनी बजावलं होतं, "दुसरीचं मुद्रित मी स्वतः वाचणार. शेवटच्या प्रकरणाआधी मला खुनी कळला, तर तिसरी माझ्याकडे आणू नका." हे घरी येऊन हसले, पण त्या दिवशी जेवले कमी.

दुसरीच्या गॅल्या, म्हणजे लांबलचक पट्ट्यांवरचं कच्चं मुद्रित, आम्ही घरी तपासायला बसलो. मी हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं उच्चारून. हे गॅलीवर पेन्सिल फिरवायचे. माझी नणंद बोरिवलीहून आली होती. ती मटार सोलत ऐकत होती.

गोष्ट अशी होती. घाटकोपरच्या एका लाकडाच्या वखारीच्या मालकाचा खून होतो. वीस वर्षांपूर्वी त्याने दिगंबरपंत नावाच्या भागीदाराला बुडवलेलं असतं. दिगंबरपंत त्या धक्क्याने जातात. त्यांचा मुलगा पुढे त्याच वखारीत हिशेबनीस म्हणून लागतो आणि सूड घेतो. तो मुलगा आहे हे कोणाला कळू नये म्हणून ह्यांनी दिगंबरपंतांचं आडनाव पुस्तकभर कुठेही येऊ दिलं नव्हतं. त्याबद्दल ते स्वतःवर फार खूश होते.

पाचव्या प्रकरणात पोलीस सगळ्यांच्या जबान्या घेतात. मी वाचलं, "नाव, अरुण दिगंबर सावंत, पूर्णविराम. धंदा, नोकरी."

"हाच," नणंद म्हणाली.

"हाच काय?"

"खुनी रे. दिगंबरचा मुलगा. बापाचं नाव मधे घालून वर मला विचारतोस?"

ह्यांची पेन्सिल थांबली. "वाट लागली," ते हळूच म्हणाले.

चूक इतकी सवयीची होती की ती चूक वाटलीच नव्हती. आपल्याकडे माणूस आपलं नाव सांगतो तेच वडिलांना मधे घेऊन. बायका नवऱ्याला घेतात. मी आजही कुठल्याही अर्जावर सही करते तेव्हा मधे हेच असतात, आणि माझा हात तिथे जरा रेंगाळतो.

"मधलं नाव काढून टाक," नणंद म्हणाली.

"एकट्याचंच? बाकी सगळ्यांना बाप आहेत आणि ह्यालाच नाही, हे तुला दिसणार नाही?"

"मग सगळ्यांचे बाप काढ."

"जबानी आहे गं ती. लग्नाची पत्रिका नव्हे."

"मग बाप बदल. अरुण वासुदेव सावंत."

"म्हणजे तो पोलिसांसमोर खोटं बोलला. मग शेवटी मी वाचकाला काय सांगू, मीही खोटं बोललो?"

भाऊबहीण असे भांडत होते आणि मटारांपेक्षा सालंच पातेल्यात पडत होती. मला एकच शंका होती. मी विचारलं, "वखारीतली माणसं दिगंबरपंतांना दिगंबरपंत म्हणत असतील का? एवढ्या मोठ्या माणसाला कोणी नावाने हाक मारतं?"

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "तात्यासाहेब."

"माझ्या सासऱ्यांना सगळे अण्णाच म्हणतात," नणंद म्हणाली. "त्यांचं खरं नाव मला लग्नपत्रिका छापताना कळलं."

पुढचं काम सोपं होतं. जुन्या काळाच्या आठवणींत जिथे जिथे दिगंबरपंत होते तिथे तात्यासाहेब झाले. शब्दाची लांबी साधारण तेवढीच होती, म्हणून छापखान्यातल्या जुळाऱ्याला पुढच्या ओळी हलवाव्या लागणार नव्हत्या. शेवटच्या प्रकरणात मात्र एक वाक्य वाढलं. इन्स्पेक्टर वखारीच्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारतो, तात्यासाहेबांचं खरं नाव काय? जबानीतलं मधलं नाव जागचं हललं नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं.

दुरुस्त मुद्रित प्रकाशकांनी वाचलं आणि आम्हाला बोलावलं. शेवटचं प्रकरण त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं.

"खुनी डॉक्टर," ते म्हणाले. "नवव्या प्रकरणात तो हात फार धुतो."

"डॉक्टर आहे हो तो," हे म्हणाले. "वाचा पुढे."

आम्ही समोर बसून राहिलो. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांचे कान लाल झाले होते. प्रकाशक शेवटची पट्टी वाचता वाचता थांबले, मागच्या पट्ट्या उलगडू लागले, पाचवं प्रकरण काढलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"लबाड माणूस," ते म्हणाले. "पाचव्या प्रकरणात सरळ लिहून ठेवलंय."

"सरकारी पद्धतीने," हे म्हणाले.

"तिसरी कधी देताय?"

बाहेर पडल्यावर रस्ता ओलांडताना हे मला म्हणाले, "तिसरीतही एक डॉक्टर घालू या. आणि त्यालाच खुनी करू या."